‘नेहमीच्या सिरिंज’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

“दादा, नेहमीच्या सिरिंज दोन बॉक्स आणि ग्लोव्हज पाठवा, गुरुवारी जरा लवकर.” दवाखान्यातून सप्लायरला असा मेसेज जातो आणि बहुतेकदा माल बरोबर येतोही. पण दुकानातला माणूस बदलला, की ‘नेहमीच्या’ला अर्थ उरत नाही. २ एमएलऐवजी ५ एमएलच्या सिरिंज येतात, बॉक्सच्या जागी मोठे खोके उतरतात.

म्हणून ऑर्डरचा ईमेल लिहिताना प्रत्येक मोघम शब्दापाशी थांबायचं. ग्लोव्हज किती, हे मेसेजमध्ये नाहीच. तो आकडा अंदाजाने भरू नये, सिस्टरांना विचारावा. मग मजकूर असा होतो:

“डिस्पोजेबल सिरिंज, २ एमएल, २४ गेज सुईसह, १०० नगांचे २ बॉक्स, एकूण २०० नग. नायट्राइल ग्लोव्हज, पावडरविरहित, मीडियम, १०० नगांचे ३ बॉक्स, एकूण ३०० नग. एक्सपायरीला किमान १२ महिने बाकी असावेत. गुरुवारी सकाळी ११ पूर्वी दवाखान्यात पोच, वाहतूक खर्च तुमच्याकडे.”

यातलं ‘एकूण नग’ मला सर्वांत मोलाचं वाटतं. ग्लोव्हजचे १०० नग म्हणजे ५० जोड्या, हे घाईत हमखास विसरतं. गुरुवारच्या पुढे तारीखही लिहावी, आणि माल उतरवताना हाच ईमेल चलनाशेजारी धरून मोजावा.