चढ सोसतो, उतार सोसत नाही

ग्वाल्हेरच्या किला गेटपासून किल्ल्यावर चढताना एखाद्या ज्येष्ठाचे पाय फारसे दुखत नाहीत. उतरताना मात्र जड होतात, बधिरतात. चढावर कंबर पुढे वाकते आणि कण्यातील अरुंद झालेली नळी किंचित रुंदावते. उतारावर ती आवळून नसा दबतात. मग बसल्यावरच आराम पडतो. पायाची रक्तवाहिनी अरुंद असल्यास उलट घडते: चढावर पोटऱ्या लवकर दुखतात, नुसते उभे राहिल्यानेही वेदना शमते आणि पावलातील नाडी क्षीण लागते.

एमआरआयमध्ये नळी अरुंद दिसली, एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. तशी नळी असूनही अनेकांना त्रास नसतो. आधी काही महिने व्यायाम आणि औषधे. तरीही चालणे घटत गेले, तर नसांवरील दाब काढणारी शस्त्रक्रिया विचारात घ्यावी. लघवीवरील ताबा सुटल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.