चिखलातला फ्रिज आणि कोरडी यादी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं आणि ते ओसरल्यावर घराघरांसमोर भिजलेल्या सामानाचे ढीग लागले. अशा वेळी विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, तेव्हा पूर आला होता हे त्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही. त्याला हवं असतं ते वेगळंच: या घरात नेमकं काय होतं, केव्हा घेतलेलं होतं आणि त्याची किंमत काय? ज्या घराची बिलंही त्याच कपाटात भिजलेली असतात, त्या घराला याचं उत्तर आठवणीतून द्यावं लागतं, आणि आठवणीतून निम्मं सामान निसटतं.

एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात इमारतीचा विमा घेतला की इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामान्य वस्तूंना यादी न देताही संरक्षण मिळतं. म्हणजे इमारत २० लाखांची असेल तर सामानाला ४ लाख. ‘यादी न देता’ हे शब्द ऐकून बरेच जण निश्चिंत होतात. पण ही सवलत पॉलिसी घेतानाची आहे. नुकसान झाल्यावर प्रत्येक वस्तू दाखवावीच लागते. त्यामुळे यादी आपल्यासाठी करायची आणि ती आधीच करायची.

एक वस्तू घेऊन पाहू. तळमजल्यावरच्या एका घरात २०१६ मध्ये २१,५०० रुपयांना घेतलेला फ्रिज आहे. यादीत त्याची ओळ अशी होईल: स्वयंपाकघर, फ्रिज, कंपनी आणि मॉडेल, सिरियल नंबर, खरेदी ऑक्टोबर २०१६, किंमत २१,५००, बिल क्रमांक, आजची किंमत ३१,०००, फोटो ‘स्वयं-०३’. सिरियल नंबर बहुतेक फ्रिजमध्ये आतल्या बाजूच्या भिंतीवर किंवा मागच्या स्टिकरवर असतो. वॉशिंग मशीनचा दाराच्या कडेला किंवा मागे, टीव्हीचा पाठीमागे. एसीचे मात्र दोन नंबर लिहावे लागतात, कारण आतल्या आणि बाहेरच्या युनिटचा नंबर वेगवेगळा असतो.

दोन किमती लिहायचं कारण असं. खरेदीची किंमत बिलाशी जुळते आणि वस्तू तुमचीच आहे हे सांगते. पण विम्याची रक्कम ठरवताना तशीच वस्तू आज घ्यायला किती लागतील, हे पाहायला हवं. भारत गृह रक्षामध्ये सामान्य वस्तूंसाठी दुरुस्तीचा किंवा तशीच वस्तू बदलून घेण्याचा खर्च धरतात, तोही विम्याच्या रकमेच्या मर्यादेत. काही पॉलिसी मात्र वापराची घट कापतात. समजा, घट ५० टक्के धरली, तर ३१,००० च्या फ्रिजचे हाती १५,५०० येतील. आपली पॉलिसी कुठल्या प्रकारची आहे, हे आजच तिच्यात वाचून ठेवा.

फोटो तीन प्रकारचे लागतात: खोलीच्या कोपऱ्यातून सगळी खोली, मग ती वस्तू, आणि मग अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून नंबराची पट्टी. पहिला फोटो लोक टाळतात, पण वस्तू तुमच्याच घरात होती हे तोच सांगतो. फोटोला दिलेलं नाव आणि यादीतलं नाव एकच ठेवा, नाहीतर तीनशे फोटोंतून हवा तो सापडत नाही. बिलाचाही फोटो लगेच काढा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षा-दोन वर्षांत उडते. मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून तारखेची अंगभूत माहिती निघून जाते.

सुताराकडून करून घेतलेल्या कपाटाला ना नंबर असतो, ना बहुधा बिल. अशा वेळी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, लाकूड कोणतं ते लिहा, आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर त्या व्यवहाराची नोंद जोडा. भांड्यांची एकेक नोंद करत बसू नका. मांडणीचा फोटो आणि पितळ-तांब्याचं वजन पुरेसं आहे.

दागिने या सामान्य वस्तूंत येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं, जादा संरक्षण घ्यावं लागतं आणि मोठ्या रकमेला मूल्यांकनाचा दाखलाही लागतो. रोख रक्कम तर पॉलिसीत स्वतंत्रपणे नमूद केल्याशिवाय धरली जात नाही, तेव्हा डब्यातल्या नोटांवर भिस्त ठेवू नका.

यादी आणि फोटो स्वतःला मेल करून ठेवा आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडेही एक प्रत द्या. पाणी ओसरलं की कंपनीला लगेच कळवा आणि साफसफाईआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. दुर्गंधीमुळे सामान ताबडतोब फेकावंसं वाटतं, आणि नगरपालिकेची गाडीही दारात उभी असते. तरी सर्व्हेअरने पाहीपर्यंत फ्रिज, टीव्ही ठेवता आले तर ठेवा. नाहीच जमलं, तर पट्टीवरचा चिखल पुसून नंबराचा फोटो काढा, तो यादीतल्या नंबराशी ताडून पाहा आणि मगच वस्तू गाडीत चढवा.