भरलेली बॅटरी ११.७ व्होल्ट का दाखवते?

बारा व्होल्टची बॅटरी मायक्रोकंट्रोलरच्या पिनला थेट जोडता येत नाही, कारण पिनला पाच व्होल्टच्या वर काही सोसत नाही. म्हणून मध्ये व्होल्टेज डिव्हायडर घालतात. बॅटरीच्या धन टोकापासून ग्राउंडपर्यंत दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि त्यांच्या सांध्यावरून पिनला तार न्यायची, एवढीच ही जोडणी. वरचा रेझिस्टर १ मेगाओह्मचा आणि खालचा ४७० किलोओह्मचा असेल, तर सांध्यावर बॅटरीच्या सुमारे ३२ टक्के व्होल्टेज मिळतो. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्ट देत असेल, तर तिथे ४.०३ व्होल्ट हवेत. एवढे मोठे रेझिस्टर निवडण्यामागे हेतू चांगला असतो. मोजमापाच्या जोडणीनेच बॅटरी खाऊ नये, हा तो हेतू. या जोडीतून फक्त ८.६ मायक्रोअँपिअर वाहतो.

गणित बरोबर, रेझिस्टरही नेमके. तरी आकडा चुकतो. कारण शोधायचे तर पिनच्या आत जावे लागते.

आर्डुइनो उनोवरची एटीमेगा३२८पी ही चिप उदाहरणाला घेऊ. तिच्यातला ॲनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी, पिनवरचा व्होल्टेज सतत पाहत नाही. आत सुमारे १४ पिकोफॅरडचा एक इवलासा सॅम्पलिंग कपॅसिटर असतो. मोजणी सुरू झाली की एक स्विच हा कपॅसिटर क्षणभर पिनला जोडतो, मग तोडतो आणि पुढचे सगळे मोजमाप त्या कपॅसिटरवर उरलेल्या व्होल्टेजचे होते. बाहेर काय होते याला त्यानंतर अर्थ नसतो. एडीसीचे घड्याळ १२५ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर कपॅसिटर भरायला दीड ठोका, म्हणजे १२ मायक्रोसेकंद मिळतात.

भरण्यासाठी लागणारा सगळा चार्ज डिव्हायडरमधून यावा लागतो. पिनच्या बाजूने पाहिले, तर दोन्ही रेझिस्टर समांतर जोडल्यासारखे दिसतात: एकातून बॅटरीकडे वाट, दुसऱ्यातून ग्राउंडकडे. १ मेगाओह्म आणि ४७० किलोओह्म समांतर घेतले की सुमारे ३२० किलोओह्म येतात. हाच या डिव्हायडरचा स्रोत-इम्पीडन्स. त्याला १४ पिकोफॅरडने गुणले की ४.५ मायक्रोसेकंद हा काल-स्थिरांक मिळतो. एवढ्या वेळात कपॅसिटर उरलेल्या अंतरापैकी ६३ टक्के अंतर कापतो, पुढच्या तितक्याच वेळात उरलेल्याच्या ६३ टक्के, आणि असेच पुढे. १२ मायक्रोसेकंदांत असे २.७ टप्पे बसतात आणि शेवटी जवळजवळ ७ टक्के अंतर कापायचे राहून जाते.

हे अंतर कुठून मोजायचे, ही यातली खरी मेख आहे. चिपमध्ये एडीसी एकच असतो आणि सहा पिना आळीपाळीने त्याला जोडल्या जातात. त्यामुळे कपॅसिटर रिकामा नसतो. आधीच्या पिनचा व्होल्टेज त्याच्यावर तसाच असतो. समजा, शेजारच्या पिनवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर आहे आणि लोड बंद असल्यामुळे तो शून्य व्होल्ट देतो आहे. तो वाचून लगेच डिव्हायडरची पिन वाचली, तर कपॅसिटरला शून्यापासून ४.०३ पर्यंत चढायचे असते आणि तो ०.२८ व्होल्ट खालीच अडकतो. बॅटरीच्या हिशोबात हा फरक ०.८६ व्होल्टचा होतो. भरलेली बॅटरी ११.७ व्होल्ट दाखवते, म्हणजे उतरलेली ठरते. चिपच्या आतला रोध आणि पिनची स्वतःची धारिता या हिशोबात धरलेली नाही. ती धरली तर चित्र आणखी बिघडते.

दोष ओळखण्याची खूणही यातूनच मिळते. शेजारच्या पिनवरचा व्होल्टेज बदलला की बॅटरीचा आकडा हलत असेल, तर संशयाला जागा उरत नाही. दुसरी कसोटी कोडमध्ये करता येते:

```
analogRead(A0);
int v = analogRead(A0);
```

पहिले वाचन टाकून द्यायचे. दुसऱ्या वेळी कपॅसिटर जवळपास योग्य जागेवरूनच सुरुवात करतो, म्हणून आकडा ठळकपणे वर सरकतो. मल्टिमीटरने सांध्यावरचा व्होल्टेज तपासण्याचा मोह मात्र आवरावा, कारण १० मेगाओह्मचा मीटर लावला की तो स्वतःच ३२० किलोओह्मच्या स्रोतावर बोजा टाकतो आणि ४.०३ ऐवजी ३.९ व्होल्ट दाखवतो. मीटर बॅटरीच्या टोकांवर लावून तुलना करावी.

या चिपच्या डेटाशीटमध्ये स्रोत-इम्पीडन्स १० किलोओह्म किंवा कमी असावा, असे म्हटले आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. दहा बिटांच्या मोजणीत चूक अर्ध्या पायरीच्या आत ठेवायची तर ७.६ काल-स्थिरांक लागतात. १२ मायक्रोसेकंदांत ते बसवायचे, तर एकूण रोध ११३ किलोओह्मपेक्षा जास्त चालत नाही. चिपच्या आतला रोध १०० किलोओह्मपर्यंत असू शकतो. बाहेरच्यासाठी उरतात जेमतेम दहा-तेरा.

मोठे रेझिस्टर ठेवायचेच असतील, तर पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावतात. तो आतल्या कपॅसिटरच्या सात हजारपट मोठा असल्यामुळे हवा तो चार्ज तत्क्षणी देतो आणि त्याचा स्वतःचा व्होल्टेज जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट उतरतो; एडीसीची एक पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची असते. पण दिलेला चार्ज त्याला त्याच ३२० किलोओह्ममधून परत मिळवावा लागतो आणि त्याचा काल-स्थिरांक ३२ मिलिसेकंदांचा आहे. सेकंदाला एकदा मोजणाऱ्याला याचा काहीच त्रास नाही. दोन पिना आळीपाळीने, प्रत्येकी सेकंदाला साडेचार हजार वेळा वाचल्या, तर मात्र थेंबाथेंबाने सरासरी पाव मायक्रोअँपिअर ओढला जातो आणि बॅटरीचा आकडा पुन्हा पाव व्होल्टने खाली येतो. बाहेरचा कपॅसिटर लावूनही चूक जात नाही अशी तक्रार असेल, तर आधी मोजणीचा वेग पाहावा.

पिनमधून होणाऱ्या गळतीवर तर हा कपॅसिटर काहीच करू शकत नाही. डेटाशीटनुसार ही गळती जास्तीत जास्त १ मायक्रोअँपिअर असते. प्रत्यक्षात ती बहुधा फार कमी असते, पण तापमानाबरोबर वाढते. पूर्ण १ मायक्रोअँपिअर धरला तर ३२० किलोओह्मवर ०.३२ व्होल्टची चूक होते, म्हणजे बॅटरीच्या हिशोबात एक अख्खा व्होल्ट.

म्हणून जिथे जमेल तिथे रेझिस्टर लहान करणे हाच सरळ मार्ग आहे. २२ आणि १० किलोओह्मच्या जोडीचा स्रोत-इम्पीडन्स ७ किलोओह्मच्या आत राहतो. तिच्यातून ०.४ मिलिअँपिअर वाहतो, दिवसाला साडेनऊ मिलिअँपिअर-तास. सात अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जाणवत नाही. महिनोन्‌महिने चालायचे उपकरण असेल, तर मोजण्यापुरता डिव्हायडर मॉस्फेटने चालू करतात. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असला, तरी या जोडीला स्थिरावायला १० मिलिसेकंद पुरतात. हा मॉस्फेट वरच्या बाजूला, बॅटरी आणि पहिल्या रेझिस्टरच्या मध्ये घालावा. खालचा रेझिस्टर ग्राउंडपासून तोडला, तर व्होल्टेज विभागलाच जात नाही आणि वरच्या रेझिस्टरमधून बॅटरीचे १२.६ व्होल्ट पिनला पाच व्होल्टच्या वर ढकलत राहतात.