शब्द आणि चाल (लेखांक ६) : आघात कुठे, सम कुठे

मागच्या लेखांकात आपण इंग्रजी ओळ ठेक्यात मोजून बसवली. मोजणी चोख असूनही अशी ओळ खटकते ती का, हे या वेळी पाहू.

मराठी पद्यात आपण लघु-गुरू पाहतो. दीर्घ स्वर आला की अक्षर वजनदार. इंग्रजीत वजन आघाताने ठरतं. एकाहून अधिक अवयवांच्या शब्दात मुख्य आघात कुठे, हे ठरलेलं असतं आणि तो ऱ्हस्व स्वरावरही पडतो. ‘सिटी’ देवनागरीत लिहिलं की ‘टी’ गुरू दिसते, आघात मात्र ‘सि’वर असतो. ‘मनी’, ‘हॅपी’ यांचंही तसंच. आपला हात सवयीने दीर्घ ‘टी’ समेवर ठेवतो आणि ऐकणाऱ्याला शब्द चटकन ओळखू येत नाही.

एक ओळ घेऊ : ‘द सिटी इज वेटिंग, द रिव्हर इज स्लो’. ठेका सहा मात्रांचा, दादऱ्यासारखा. चौथी मात्रा आपल्याकडे खाली, पण पाश्चात्त्य सहा-आठच्या ठेक्यात तिच्यावरही जोर असतो, पहिलीपेक्षा थोडा कमी. ओळ समेपासून सुरू केली तर अशी पडते :

द-सि-टी | इज-वे-टिंग | द-रि-व्हर | इज-स्लो

प्रत्येक जोरावर ‘द’ किंवा ‘इज’ आला. बोलताना जे शब्द जवळजवळ गिळले जातात, तेच इथे ठणकावले गेले. आता पहिला ‘द’ समेच्या आधीच्या मात्रेवर घ्या :

द | सि-टी-इज | वे-टिंग-द | रि-व्हर-इज | स्लो

शब्द तेच, चाल तीच, पण चारही जोर आघातांवर आले. चाल समेवरच उठत असेल, तर पहिला ‘द’ काढून ‘सिटी’पासून सुरुवात करा. तेही जमत नसेल, तर शब्द बदला. जोर पहिल्या अवयवावर हवा असेल तिथे ‘बिगिन’ बसणार नाही, कारण त्याचा आघात ‘गिन’वर आहे, अर्थ जुळत असेल तर ‘ओपन’ बसेल.

प्रत्येक आघात जोराच्या मात्रेवर यायलाच हवा, असं नाही. आघाताचा अवयव ठोक्याच्या जरा आधी उचलणं ही पाश्चात्त्य गाण्यातली नेहमीची लकब आहे. ‘इज’सारखा एकावयवी शब्दही अर्थाला गरज असेल तर जोर पेलतो. टाळायचं ते एवढंच, की मोठ्या शब्दाचा आघातहीन अवयव समेवर लांबवू नये.

तपासायला ओळ गाऊ नका, कारण चाल चूक लपवते. ती साधी वाक्यासारखी बोला, आवाज जिथे उठतो तिथे खूण करा आणि मग त्या खुणा ठेक्याशी ताडून पाहा. शंका आली तर शब्दकोशात उच्चार पाहा : छोटी उभी रेघ ज्या अवयवाच्या आधी असते, त्यावर मुख्य आघात. ‘प्रेझेंट’सारख्या शब्दात नाम की क्रियापद हेही बघा, भेटवस्तू असेल तर आघात पहिल्यावर, सादर करणं असेल तर दुसऱ्यावर.

पुढच्या आठवड्यात यमक : तेही आघाताच्या अवयवापासूनच जुळावं लागतं.