स्वल्पविरामाने घटणारी द्राक्षे

समजा, नाशिकची द्राक्षे न्हावाशेवाहून रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराकडे निघाली आहेत. इंग्रजी इन्व्हॉइसवर पाच किलोच्या २,६०० पेट्या, निव्वळ वजन १३,००० किलो, दर किलोला २.१० डॉलर आणि एकूण २७,३०० डॉलर असे लिहिले आहे. रशियातील आयातदार याच कागदावरून रशियन भाषेत जकात घोषणापत्र भरतो.

अनुवादकाची पहिली परीक्षा आकड्यांत असते. रशियात स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे आणि हजार वेगळे दाखवायला मोकळी जागा सोडतात. ‘१३,०००’ तसेच उतरवले, तर तिकडे ते तेरा किलो वाचले जाऊ शकते. म्हणून ‘१३ ०००’ आणि ‘२,१०’ असे लिहावे लागते. पडताळा सोपा आहे: पेट्या गुणिले पाच म्हणजे निव्वळ वजन आणि वजन गुणिले दर म्हणजे रक्कम, हे अनुवादातही जुळलेच पाहिजे.

दुसरी परीक्षा मालाच्या वर्णनाची. रशियन घोषणापत्राच्या ३१व्या रकान्यात वर्णन आणि ३३व्यात दहा अंकी वर्गीकरण क्रमांक असतो. भारतीय क्रमांक आठ अंकी असतो. दोन्हींचे पहिले सहा अंक आंतरराष्ट्रीय असल्याने जुळतात. ताज्या द्राक्षांसाठी ते ०८०६१० आहेत. पुढचे अंक अनुवादकाने अंदाजाने भरायचे नाहीत. ते तिथल्या जकात दलालाचे काम. मात्र ‘ताजी’ हा शब्द गाळला, तर तोच माल बेदाणाही ठरू शकतो, आणि बेदाण्याचा क्रमांक वेगळा आहे.