उत्तर ६५, पण कशावरून?

दहावीच्या भूमितीत वर्तुळाच्या कृतिपत्रिकेत पानाच्या मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे विधान, उजवीकडे कारण. मुलांचे डावे रकाने भराभर भरतात. पेन अडखळते ते उजवीकडे.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. O केंद्र असलेल्या वर्तुळाला बाहेरच्या P बिंदूतून PA आणि PB या स्पर्शिका काढल्या आहेत. ∠APB = 50°. विशालकंस AB वर C हा बिंदू आहे. ∠ACB किती?

पहिले विधान: ∠OAP = ∠OBP = 90°. पुष्कळ जण इथे ‘आकृतीवरून’ असे कारण लिहितात. पण आकृतीत ८९ अंशांचा कोनही काटकोनासारखाच दिसतो. खरे कारण स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय: स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. आता चौकोन OAPB पाहा. त्याच्या चार कोनांची बेरीज 360°, म्हणून ∠AOB = 360 − 90 − 90 − 50 = 130°. हा केंद्रीय कोन आहे, म्हणून लघुकंस AB चे मापही तेवढेच. आणि अंतर्लिखित कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो, म्हणून ∠ACB = 65°.

हे उत्तर पडताळण्याची दुसरी वाटही आहे, आणि ती अधिक देखणी आहे. PA = PB, कारण बाह्यबिंदूतून काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात. त्रिकोण PAB समद्विभुज झाला, तेव्हा ∠PAB = (180 − 50) ÷ 2 = 65°. स्पर्शिका आणि जीवा AB यांच्यातला हा कोन जीवेच्या पलीकडच्या वर्तुळखंडातल्या कोनाएवढा असतो. म्हणजे ∠ACB पुन्हा 65°. या वाटेने केंद्राला हातही लावावा लागला नाही.

आता त्याच विशालकंसावर D घेतला, तर ∠ADB सुद्धा 65°. कारण: एकाच वर्तुळखंडातले कोन एकरूप असतात. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये, तिसऱ्या पुस्तकात, हे एकविसावे विधान आहे, केंद्रीय कोन दुप्पट असल्याचे विधान त्याच्या लगेच आधी, विसावे. क्रम सहेतुक आहे, कारण विसाव्यावाचून एकविसावे सिद्ध होत नाही: C असो की D, दोघांच्या वाट्याला त्याच ∠AOB चा अर्धा भाग येतो.

सर्वांत जास्त चुका होतात त्या याच कारणात. मुले लिहितात, ‘एकाच जीवेवरचे कोन’. हे अपुरे आहे. लघुकंस AB वर E बिंदू घेतला, तर जीवा AB हीच, पण ∠AEB = 115°. वर्तुळखंड बदलला. ACBE हा चक्रीय चौकोन आहे, त्याचे संमुख कोन पूरक, म्हणून 180 − 65. कोन जीवेच्या कोणत्या बाजूला आहे, हे कारणात लिहिले नाही, तर तेच वाक्य ६५ लाही चालते आणि ११५ लाही.