हरवलेलं अॅड्रिनलिन

अडतीस वर्षांची एक बाई लघवीला जाऊन आली की भिंतीला टेकून उभी राहते. छाती धडधडते, डोकं फुटेलसं वाटतं, घामाने ब्लाऊज भिजतो, चेहरा पांढराफटक पडतो. दहा मिनिटांत सगळं ओसरतं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब नेहमीसारखा झालेला असतो. दोन वर्षं तिला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच ऐकावं लागतं. ही बाई मी कल्पिलेली आहे, पण तिचा आजार खरा आहे आणि तो असाच निसटतो.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर अॅड्रिनल ग्रंथी टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांच्या गाभ्यातल्या पेशींची गाठ झाली की तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. या पेशींचीच भावंडं मानेपासून ओटीपोटापर्यंत विखुरलेली आहेत. तिथे गाठ झाली तर ती पॅरागँग्लिओमा. मानेतल्या अशा गाठी बहुधा हार्मोन सोडत नाहीत, पोटातल्या मात्र सोडतात. आपल्या बाईची गाठ मूत्राशयाच्या भिंतीत आहे. मूत्राशय आकसलं की गाठ दाबली जाते आणि हार्मोनचा लोंढा रक्तात येतो.

तिचं रक्त तपासायचं ते मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन या दोन पदार्थांसाठी. पहिला अॅड्रिनलिनपासून होतो, दुसरा नॉरअॅड्रिनलिनपासून. हार्मोन झटक्यापुरतं उसळतं, पण गाठीच्या आत त्याचं या पदार्थांत रूपांतर अखंड चालू असतं, म्हणून झटका नसतानाही ते रक्तात सापडतात. नमुना घेण्याआधी रुग्णाला वीस ते तीस मिनिटं शांत आडवं ठेवावं लागतं. बसवून रक्त काढलं, किंवा नैराश्यावरची काही औषधं चालू असली, तर आकडा खोटाच वाढतो.

तिचं नॉरमेटानेफ्रिन सामान्य मर्यादेच्या सहापट निघालं, मेटानेफ्रिन मात्र अगदी सामान्य. या रिपोर्टमध्ये मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे न वाढलेलं मेटानेफ्रिन. नॉरअॅड्रिनलिनचं अॅड्रिनलिन करायला एक विकर लागतं आणि ते तयार व्हायला भरपूर कॉर्टिसॉल लागतं. अॅड्रिनलच्या गाभ्याला ते शेजारच्याच सालीकडून मिळतं. मूत्राशयातल्या गाठीला असा शेजार नाही, त्यामुळे तिथे गाडी नॉरअॅड्रिनलिनवरच थांबते. मेटानेफ्रिन ठळक वाढलेलं असेल तर गाठ जवळजवळ नक्की अॅड्रिनलमध्ये असते. उलट बाजूने मात्र एवढी खात्री देता येत नाही, कारण अॅड्रिनलमधल्या काही गाठी, विशेषतः काही आनुवंशिक आजारांतल्या, नॉरअॅड्रिनलिनच बनवतात. तिसरा पदार्थ, मेथॉक्सीटायरामीन, वाढला असेल तर गाठ पसरण्याची शंका बळावते.

चूक होते ती इथेच. नुसत्या अॅड्रिनलचं स्कॅन करून ‘गाठ नाही’ म्हणून रुग्णाला घरी पाठवलं जातं. आपल्या बाईचं स्कॅन ओटीपोटापर्यंत केलं, म्हणून साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली. शस्त्रक्रियेआधी तिला काही दिवस प्राझोसिनसारखं अल्फा-ब्लॉकर दिलं. धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर लागलं तर ते त्यानंतरच द्यायचं. क्रम उलटला तर रक्तवाहिन्या आकसलेल्याच राहतात आणि रक्तदाब भडकतो.

जनुक तपासणीत एसडीएचबी जनुकात बिघाड सापडला. अशा गाठी पसरण्याचा धोका बराच जास्त असतो. चार वर्षांनी तिच्या मणक्यात आणि कमरेच्या हाडात गाठी दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहून गाठ कर्करोगाची आहे का, हे या आजारात खात्रीने सांगता येत नाही. जिथे अशा पेशी मुळात नसतातच, तिथे, म्हणजे हाडात, यकृतात, त्या सापडल्या की मगच तसं म्हणता येतं.

पसरलेल्या गाठींवर किरणोत्सारी औषध शिरेतून देता येतं. एमआयबीजी हा रेणू नॉरअॅड्रिनलिनसारखा दिसतो, म्हणून या पेशी त्याला आपलाच समजून आत ओढतात. त्याला आयोडीन-131 जोडलं की किरणोत्सार पेशीच्या आत पोचतो. थायरॉइडने ते आयोडीन शोषू नये म्हणून आधीपासून साधं आयोडीन देतात. पण गाठ औषध घेते का, हे स्कॅनवर आधी पाहावं लागतं. एसडीएचबीच्या गाठी अनेकदा एमआयबीजी घेत नाहीत. आपल्या बाईच्या गाठी त्या स्कॅनवर फिक्या होत्या, डोटाटेट पेट-स्कॅनवर मात्र लखलखल्या. म्हणून तिला ल्युटेशियम-177 डोटाटेट दिलं. हे ल्युटेशियम मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होतं. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा, दर वेळी सुमारे 200 मिलिक्युरी. मूत्रपिंडं वाचवण्यासाठी सोबत अमिनो आम्लांचं सलाईन. औषध देताना आणि नंतरचे काही तास गाठ हार्मोन ओकू शकते, त्यामुळे रक्तदाबावर सतत लक्ष ठेवलं जातं. पुढचे आठवडे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट मोजत राहावं लागतं.

गाठी पूर्ण विरघळणं विरळा. बहुतेकदा मिळतो तो थांबा: वाढ खुंटते, हार्मोन उतरतं. चौथ्या मात्रेनंतर बाईच्या हाडातल्या गाठी तेवढ्याच आहेत, नॉरमेटानेफ्रिन निम्म्यावर आलंय आणि रक्तदाबाच्या तीन गोळ्यांची एक झाली आहे. तीन महिन्यांनी तिला पुन्हा अर्धा तास आडवं पडून रक्त द्यायचं आहे.